गाडी दारात उभी आहे, पण चालवायची कुणी? कोथरूडची नवीन बॅच १ तारखेपासून

दसऱ्याला गाडी घेतली, हार घातला, पेढे वाटले. आता ती पार्किंगमध्ये धूळ खातेय, कारण घरात चालवणारा एकच आणि तो रोज ऑफिसला कंपनीच्या बसने जातो. रविवारी नवऱ्याकडून किंवा बाबांकडून शिकायचा प्रयत्न बहुतेकांनी केलेला असतो. चांदणी चौकाच्या आधीच भांडण होतं, हा आमचा अनुभव. 😄

आमचा बिगिनर कोर्स अगदी शून्यापासून सुरू होतो. स्टिअरिंगला कधी हात लावलेला नसला तरी चालेल. खरं सांगायचं तर तेच बरं, चुकीच्या सवयी मोडण्यात वेळ जात नाही.

🚗 कोर्स २४ दिवसांचा, सोमवार ते शनिवार, रोज अर्धा तास. म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हिंग १२ तास. नियमाप्रमाणे किमान १० तास लागतातच, त्यामुळे "१० दिवसांत गाडी शिका" अशी पाटी कुठे दिसली तर तास मोजून बघा.

पहिले ३ दिवस मोकळ्या मैदानात: सीट, आरसे, क्लच, ब्रेक, गाडी बंद न पाडता हलवणं. चौथ्या दिवसापासून कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात पौड रोड आणि कर्वे रोड, सिग्नल आणि बसच्या मागे थांबणं. तिसऱ्या आठवड्यात बावधनचा चढ. चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची, मागे रिक्षा हॉर्न वाजवत असते, आणि आधी अ‍ॅक्सिलरेटर मग हँडब्रेक सोडायचा हा क्रम डोक्यातून उडतो. म्हणून तीन दिवस फक्त तेवढंच. शेवटच्या आठवड्यात रिव्हर्स, पार्किंग, एक क्लास अंधार पडल्यावर आणि एक हायवेच्या सर्व्हिस रोडवर. पाऊस आला तर क्लास रद्द नाही, उलट त्या दिवशी चुकवू नका.

वेळा: सकाळी ६.३० ते १०, संध्याकाळी ५ ते ८.३०. कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे इथे घरून पिकअप. महिला ट्रेनर हवी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, सकाळच्या जागा लवकर भरतात.

🛑 सेफ्टीबद्दल आम्ही जरा खडूस आहोत. ट्रेनरच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे घाबरू नका. पण सीटबेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही आणि क्लास चालू असताना फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. उतरताना दार डाव्या हाताने उघडायला लावतो. उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायला गेलं की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारी स्कूटी दिसते. पुण्यात ही एक सवय लागली तरी पुष्कळ. पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, झेब्रावर थांबायचं नाही, हेही रोज ऐकून घ्यावं लागेल.

📋 लायसन्सचं काय? लर्निंग लायसन्सचा अर्ज सारथी पोर्टलवर आम्ही तुमच्यासमोर भरतो. आधार वापरून ती परीक्षा घरबसल्या देता येते. ती मात्र तुम्हीच द्यायची, प्रश्नांची तयारी आम्ही करून घेतो. लर्निंग ६ महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. त्यामुळे बॅच सुरू व्हायच्या आधीच लर्निंग काढून ठेवा, म्हणजे कोर्स संपताच टेस्टची अपॉइंटमेंट मिळवता येते. टेस्टच्या आधी दोन जादा सराव, आठचा आकडा आणि रिव्हर्ससाठी. टेस्टला गाडी आमची, ट्रेनर सोबत. "पास करून देतो" असं आम्ही म्हणत नाही. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्या वेळचा सराव आमच्याकडून फुकट.

वय १८ पूर्ण हवं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा फॉर्म ऑफिसात मिळेल.

💰 फी: मॅन्युअल हॅचबॅक ₹६,५००, ऑटोमॅटिक ₹८,०००. निम्मी नाव नोंदवताना, निम्मी १२व्या क्लासला. लायसन्सची सरकारी फी यात धरलेली नाही; ती ऑनलाइन भरायची, पावती तुमच्या नावाने. पेट्रोल आणि पिकअप फीमध्येच. क्लास चुकणार असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत कळवा, तो पुढे ढकलू. न कळवता चुकवलात तर तो मोजला जाईल.

एका गाडीवर एकच विद्यार्थी, मागच्या सीटवर वाट बघत बसलेलं कुणी नसतं. म्हणून बॅच लहान आहे. या पोस्टखाली "बॅच" लिहा किंवा मेसेजमध्ये वेळ आणि एरिया कळवा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो घेऊन या. ऑफिस सोमवार ते शनिवार, दुपारी १ ते ४ बंद (हो, पुण्यातच आहोत). 🙏

#ड्रायव्हिंगक्लास #कोथरूड #कर्वेनगर #वारजे #लर्निंगलायसन्स #पुणे