कोल्हापुरी मटण थाळी, तांबडा-पांढरा रस्सा, गरम भाकरी | घरगुती खानावळ, कोथरूड, पुणे

दुपारी 12 ते 3, संध्याकाळी 7 ते 10.30. सोमवारी बंद, गुरुवारी फक्त शाकाहारी.

मटण थाळी

कोल्हापुरी स्पेशल मटण थाळी (1 जण) – ₹420
मटण सुक्कं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, 2 ज्वारीच्या भाकऱ्या, इंद्रायणी भात, कांदा-लिंबू. बोकडाचं ताजं मटण, हाडासकट. मसाला घरी कुटलेला कांदा-लसणाचा. झणझणीत, पण जाळ नाही. कोल्हापूरचं जेवण म्हणजे नुसतं तिखट हा गैरसमज आहे. भाकरीऐवजी चपाती हवी असेल तर ऑर्डरमध्ये लिहा.

मटण सुक्कं / सुकं मटण (हाफ) – ₹280
भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि कांद्याचं वाटण. रस्सा सोबत येत नाही, वेगळा मागवा.

रस्सा (पार्सल वाटी, 300 मिली)

पांढरा रस्सा – ₹90
मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, तीळ आणि खसखस. लाल तिखट नाही, मिरीचा हलका ठसका आहे. जेवणाआधी गरम गरम प्यायचा. घरी परत तापवताना मंद आच ठेवा, खळखळून उकळला तर नारळाचं दूध फुटतं. काजू-तिळाचं वावडं असणाऱ्यांनी घेऊ नये.

तांबडा रस्सा – ₹80
मटणाचा पातळ, तर्रीदार रस्सा. तर्री आम्ही वेगळ्या डबीत देतो, झेपेल तेवढी घाला. भाकरी कुस्करून खा.

चिकन

गावरान चिकन थाळी – ₹380
गावरान कोंबडीचं सुक्कं, रस्सा, 2 भाकऱ्या, भात. गावरान कोंबडी शिजायला वेळ घेते, त्यामुळे पार्सल निघायला 40 मिनिटं लागतात. घाई असेल तर खालची थाळी घ्या.

साधी चिकन थाळी – ₹260
ब्रॉयलर चिकन, मसाला तोच.

शाकाहारी

अक्खा मसूर – ₹150
रात्रभर भिजवलेला मसूर, कांदा-टोमॅटो, लसणाची फोडणी. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ढाब्यांवर मिळतो तसा. कोल्हापुरी व्हेज शोधत असाल तर आधी हा मागवा.

पिठलं-भाकरी – ₹130
पातळसर बेसनाचं पिठलं, 2 भाकऱ्या, मिरचीचा खर्डा, कच्चा कांदा.

झुणका-भाकर – ₹140
कांदा घातलेला, मोकळा, कोरडा. पिठलं वेगळं आणि झुणका वेगळा, म्हणून दोन्ही मेनूवर आहेत.

भरलं वांगं – ₹160
शेंगदाणा-तिळाचं सारण भरलेली लहान वांगी.

सोबत

ज्वारीची भाकरी ₹25, बाजरीची भाकरी ₹25 (फक्त थंडीत), हिरव्या मिरचीचा खर्डा ₹20, इंद्रायणी भात ₹60, ताक ₹30.

सोलकढी – ₹50
ही कोकणातली, कोल्हापूरची नव्हे. पण मटणानंतर गिऱ्हाईक मागतं, म्हणून रोज ताज्या नारळाची आणि आमसुलाची करतो. रंग घातलेला नाही, त्यामुळे फिकट गुलाबी दिसेल.