वार्षिक अहवाल 2024-25 : छपाईपूर्व कच्च्या प्रतीवरील अभिप्राय

नागपूर, दि. 16 ऑगस्ट 2025

मा. सचिव साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपण दिलेली आपल्या पतसंस्थेच्या अहवालाची कच्ची प्रत दोनदा वाचली. एकदा लेखापालाच्या चष्म्यातून आणि एकदा नुसता सभासद म्हणून. ताळेबंद जुळतो, बेरजा बरोबर आहेत. अडचण वेगळी आहे. हा अहवाल हातात घेऊन सभेला येणाऱ्याला संस्थेची स्थिती कळणार नाही, आणि काही ठिकाणी तर उलटीच कळेल. कायद्याने जे सभेपुढे ठेवायलाच हवे, त्यातलेही काही यात नाही.

पान 3 पासून सुरुवात करतो, कारण बहुतेक सभासद तेवढेच वाचतात. तिथे ठळक अक्षरांत आहे : ‘ठेवींची प्रगती 112 टक्के’. हे पान मी शेजारच्या एका सभासदाला दाखवले. ते ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांची आयुष्याची पुंजी आपल्याकडे आहे. त्यांनी बोट ठेवून वाचले अन् विचारले, “भाऊ, म्हणजे ठेवी दुपटीच्या वर गेल्या का? मंग आपल्याले व्याज काहून नाही वाढलं?” गेल्या वर्षी ठेवी 8,36,20,000 होत्या, यंदा 9,36,50,000 आहेत. यंदाचा आकडा गतवर्षीच्या 112 टक्के आहे, वाढ मात्र 12 टक्के. ‘ठेवी 8.36 कोटींवरून 9.36 कोटींवर गेल्या, वाढ 12 टक्के’ एवढेच लिहा. 12 टक्के वाढही चांगलीच आहे, ती फुगवायची गरज नाही.

त्याच पानावर ‘थकबाकी फक्त 2.1 टक्के’ आहे आणि पान 14 वरच्या यादीची बेरीज 61,38,000 येते. एकूण येणे कर्ज 10,42,75,000. म्हणजे हे प्रमाण 5.89 टक्के. मी आधी टंकलेखनाची चूक समजलो. मग खतावणी पाहिली तेव्हा उलगडा झाला : 2.1 टक्के हे फक्त न भरलेल्या हप्त्यांचे (21,90,000) प्रमाण आहे आणि पान 14 वर त्याच थकीत खात्यांची संपूर्ण शिल्लक आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कुठेही एका ओळीचा खुलासा नाही. सभेत कुणी दोन पाने समोरासमोर धरली तर अध्यक्षांना उत्तर देता देता घाम फुटेल. माझे मत स्पष्ट आहे : ठळक जागी 5.89 टक्क्यांचा आकडा द्यावा आणि त्याखाली हप्त्यांचा. धोका किती, हे शिल्लक सांगते, चुकलेला हप्ता नाही.

तिसरी ओळ मात्र काढूनच टाका : ‘ठेवी 100 टक्के सुरक्षित, विमा संरक्षणासह’. 5 लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांच्या ठेवींना असते, पतसंस्थांच्या ठेवींना नाही. आपण बँक नाही. चौकशी केली तर कळले की हा विमा कार्यालयातल्या रोख रकमेचा आहे. मागच्या वर्षीच्या पत्रकातून ओळ तशीच उचललेली दिसते. हेतू वाईट नसेल, पण ही ओळ वाचून कुणी ठेव ठेवली तर जबाबदारी समितीवरच येईल.

आता नफा वाटणी. निव्वळ नफा 31,20,000. राखीव निधीला दाखवले 6,24,000, म्हणजे बरोबर 20 टक्के. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 66 प्रमाणे किमान एक चतुर्थांश, म्हणजे 7,80,000 हवेत. 1,56,000 कमी पडतात. ते ‘इतर निधी’च्या 5,30,400 मधून घ्या. लाभांशाला हात लावायची गरज नाही, 9 टक्क्यांप्रमाणे 19,65,600 तसाच राहतो. हे सभेत मंजूर होऊन पुढे लेखापरीक्षकाच्या हाती पडण्याआधी दुरुस्त होणे बरे. शिवाय हे ‘इतर निधी’ कोणते, त्यांची नावे लिहा. सभासद कल्याण आणि इमारत एकाच ओळीत कोंबू नका.

खर्चाच्या बाजूला ‘इतर खर्च 4,87,300’ आहे. गेल्या वर्षी 1,92,450 होता. मागील वर्षाचा स्तंभ छापलेलाच नसल्याने ही उडी कुणाला दिसणार नाही, आणि दिसली की लोक म्हणतील खाऊन टाकले. खतावणीत पाहिले तर सॉफ्टवेअर देखभाल 1,41,600, वसुलीसाठी वकिलांची फी 1,12,000 आणि सभेचा खर्च 96,500. तीनही सांगण्यासारखे आहेत. त्या तीन ओळी वेगळ्या द्या, उरतील 1,37,200. तेवढ्यावर कुणी विचारले तर व्हाउचर सोबत ठेवा. आणि मागील वर्षाचा स्तंभ सगळ्या पत्रकांत हवा, यात तडजोड नको.

ताळेबंदातले ‘संकीर्ण येणे 8,64,000’ हे मला सर्वांत जास्त खटकले. तीन वर्षे हा आकडा एका रुपयानेही हललेला नाही. त्यातले 6,50,000 जागा खरेदीचे अग्रिम आहेत, असे लिपिकाने सांगितले. जागा कोणती, व्यवहार कुठवर आला, पैसे परत येणार का, यावर अहवालात चकार शब्द नाही. हे समितीने स्वतःहून सांगावे. बुडाले असतील तर तेही, आणि त्यासाठी तरतूद किती, तेही.

कलम 75 प्रमाणे संचालक व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचे विवरण वार्षिक सभेपुढे ठेवावे लागते : किती दिले, वर्षभरात किती फेडले, किती शिल्लक. कच्च्या प्रतीत ते नाही. माझ्या माहितीत एका संचालकांचे घरदुरुस्तीचे कर्ज आहे आणि ते दरमहा वेळेवर फिटते आहे. लपवण्यासारखे काही नसताना लपवल्यासारखे दिसू द्यायचे कशाला? मागील वर्षीच्या लेखापरीक्षणाचा दोष दुरुस्ती अहवालही नाही. लेखापरीक्षण अहवालातून फक्त ‘अ’ वर्ग उचलून मुखपृष्ठावर टाकलाय, शेरे मात्र गाळले. वर्ग छापायचा तर शेरेही छापा. चार आहेत, अर्ध्या पानात बसतील. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक जोडलेले नाही, तेही लागेल.

बारीक गोष्टी लवकर उरकतो. पान 5 वर रुपये, पान 6 वर लाख, पान 9 वर पुन्हा रुपये : एकच माप ठेवा. ‘एनपीए’, ‘सीडी रेशो’ हे शब्द पहिल्यांदा येतील तिथे कंसात साध्या मराठीत अर्थ द्या. नोटीस आणि विषयपत्रिका ठीक आहेत. छायाचित्रांची चार पाने दोन केली तर वरील सगळ्याला जागा होते आणि छपाईचा खर्चही तेवढाच राहतो.

सभा 14 सप्टेंबरला आहे. 14 दिवस आधी नोटीस हाती पडायची तर दुरुस्त प्रत येत्या आठवड्यातच छापखान्यात गेली पाहिजे, कारण पोळा-मारबतीच्या दिवसांत तिथे कुणी कामाला हात लावत नाही. मी सोमवारी अकरा वाजता कार्यालयात येतो. खतावणी आणि अग्रिमाची फाइल काढून ठेवा.

आपला,
सेवानिवृत्त लेखापाल व संस्थेचा सभासद,
मानेवाडा, नागपूर