दारावरच्या कानडी चिठ्ठीचं मराठी

वहिनी, मावशींच्या फोटोतली चिठ्ठी तुम्हाला वाटली तशी वर्गणीची वगैरे नाहीये, तुमच्या घरातून खाली पाणी गळतंय आणि ते त्यांच्या लाईटच्या बोर्डात जातंय, आधी त्यांना फोन लावा, नंबर शेवटच्या ओळीत आहे. शेवटचा आकडा ओलाव्याने पसरलाय, 1 नाही लागला तर 7 लावून बघा. फोन झाला की मग हे वाचा, नंबर सोडला तर काही गाळलेलं नाही:

"वरच्या ताईंना नमस्कार. मी खालची, 203 मधली. दोनदा येऊन बेल वाजवली, तुम्ही घरी नाही. तुमच्या बाथरूमच्या बाजूने आमच्या पॅसेजमध्ये पाणी गळतंय, सकाळी थेंब थेंब होतं, आता धार लागलीय आणि भिंतीवरून बोर्डात उतरतंय. मी आमचा मेन स्विच बंद केलाय. घरात मी आणि सहा महिन्यांची नात, दोघीच आहोत. मला मराठी थोडं बोलता येतं, लिहिता येत नाही म्हणून कानडीत लिहिलंय, गैर मानू नका. कृपा करून लवकर या. लवकर या. येणं जमत नसेल तर किल्ली कुणाकडे आहे तेवढं फोनवर सांगा, मी वॉचमनला घेऊन फक्त नळ बंद करून येईन, बाकी कशाला हात लावणार नाही. तुम्ही आलात तर ओल्या हाताने बटण दाबू नका. तुम्हाला त्रास होतोय, हात जोडते. वेळ 11.20."

"लवकर या" मी दोनदा लिहिलंय कारण त्यांनीच दोनदा लिहिलंय, "बेगा बन्नी", आणि दुसऱ्याखाली रेघ इतकी दाबून मारलीय की कागद फाटलाय, फोटोतसुद्धा दिसतंय. पण बन्नी म्हणजे "या", "ये" नाही, घाबरलेल्या असूनही अहोजाहो सोडलेलं नाही. त्या आजी आहेत तरी तुम्हाला अक्का म्हणतायत, म्हणून मी ताई केलं. धारवाडला माझी आजी पण अशीच बोलायची, कितीही घाई असली तरी.

काल गुरुवारी पाणी बंद होतं ना, बाथरूमचा नळ उघडाच राहिला असेल आणि आज पाणी आलं, माझा तरी हाच अंदाज आहे. हिंजवडीवरून तुम्हाला यायला तासभर तरी लागेल, तोवर थांबू नका, समोरच्या काकूंकडे जादा किल्ली ठेवता ना, त्यांना सांगा आजींबरोबर जायला. मावशी फोटो काढून गेल्या की अजून तिथेच आहेत? असतील तर त्यांनाही थांबवा, बाळाला कुणीतरी धरायला हवं.

आजींना मराठीत बोललात तरी कळेल, पण फोन उचलल्या उचलल्या एवढं म्हणा, त्यांना धीर येईल: "अम्मा, ईगले बर्तीनि." म्हणजे आत्ताच येतेय.