टंकलेखन वर्ग, आठवडा 4: रफार आणि ‘ऱ्य’

कऱ्हाड, समाजमंदिराची वरची खोली. सोमवार ते शुक्रवार, दुपारी 1 ते 2:30. संगणक 7, आपण 12. पहिली तुकडी 1 वाजता बसेल, दुसरी 1:45 ला. सातवा संगणक फळ्याजवळचा, तो दाखवण्यासाठी मोकळा ठेवायचा. बसायची पाळी नसेल तिनं शेजारणीच्या चुका मोजायच्या. मैत्रीण आहे म्हणून सूट द्यायची नाही.

सोमवार: रफार

पहिली 10 मिनिटं मधली ओळ, हातांवर रुमाल टाकून: पोट, रोप, टोक, चित्र, पत्र. ज्या पूर्वी टाइपरायटरवर शिकल्या आहेत, त्यांचा हात अजून ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो. इन्स्क्रिप्टमध्ये आधी ‘च’, मग वेलांटी. जुनी सवय आहे, एका दिवसात जाणार नाही. चिडू नका.

रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो शेवटी मारावासा वाटतो. पण उच्चारात ‘र’ आधी येतो, तसाच तो आधी मारायचा आणि लगेच पाय मोडायचा. मोठं अक्षर म्हणजे Shift धरून.

```
तर्क       l j d k
अर्ज       D j d p
कार्यालय    k e j d / e n /
```

प्रत्येक शब्द 20 वेळा. मग हे वाक्य 10 वेळा: अर्जदाराने अर्ज कार्यालयात वेळेवर सादर करावा.

लक्ष्य: वाक्याच्या 10 ओळींत 5 पेक्षा जास्त चुका नकोत. आज वेग मोजणार नाही.

मंगळवार: ऱ्य, ऱ्ह

```
दर्या    o j d / e
दऱ्या    o J d / e
कऱ्हाड   k J d u e [
```

एका Shift चा फरक, पण समुद्राच्या जागी सह्याद्रीतली दरी येते. आपल्याच गावाचं नाव न अडखळता आलं पाहिजे. सरावाला: दुसऱ्या, नोकऱ्या, पायऱ्या, सुट्ट्या (यात रफारही नाही आणि ‘ऱ्य’ही नाही, मुद्दाम घातलाय).

Shift नेहमी दुसऱ्या हाताच्या करंगळीनं. ‘ऱ’ उजव्या हाताचा, म्हणून Shift डावा. एकाच हाताची बोटं ताणली की मनगट दुखतं, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्याच असतात. मनगट टेबलाला टेकवायचं नाही. बांगड्या टेबलावर वाजल्या की समजायचं, टेकलं.

लक्ष्य: आजच्या सगळ्या शब्दांची यादी तीनदा, खाली न बघता.

बुधवार: Backspace बंद

5 मिनिटांचे दोन उतारे. चुकलं तरी पुढे जायचं. Backspace एकदा दाबल्यावर अख्खं जोडाक्षर जात नाही, फक्त शेवटचं चिन्ह जातं. मग काय उरलं ते बघण्यात वेळ जातो आणि लयही तुटते.

लक्ष्य: मिनिटाला 12 शब्द.

गुरुवार: कार्यालयीन पत्र

रजेचा अर्ज, तारीख, विषय, संदर्भ. मराठी-इंग्रजी अदलाबदल Win + Space ने. पत्र प्रत्येकीनं स्वतःचं लिहायचं, फळ्यावरचं उतरवायचं नाही. 8 वर्षांचा खंड कसा मांडायचा, असं मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं. एका सरळ वाक्यात मांडायचा, माफी न मागता. त्याच वाक्यावर सराव करू: ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे मी काही वर्षे नोकरी केली नाही, आता पूर्णवेळ काम करू शकते.’

शुक्रवार: चाचणी (शाळेत पालकसभा आहे, म्हणून वर्ग 3 वाजता)

न पाहिलेला उतारा, 5 मिनिटं. 5 ठोके म्हणजे 1 शब्द. चुकलेला प्रत्येक शब्द वजा, हा आपल्या वर्गाचा नियम. उदाहरणार्थ 400 ठोके म्हणजे 80 शब्द; 6 चुकले तर उरले 74; भागिले 5, म्हणजे मिनिटाला 14.8.

लक्ष्य: मिनिटाला 15 शब्द, 5 मिनिटांत चुका 4 च्या आत. वेग आला पण चुका 10 झाल्या, तर पुढच्या आठवड्यात परत 12 वर. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 शब्द लागतात, तिथपर्यंत बारा आठवड्यांत पोचायचं आहे. मला घाई नाही, तुम्हीही करू नका.

घरचा सराव

रोज 20 मिनिटं. संगणक नसेल तर पुठ्ठ्यावर कळफलक काढून त्यावर बोटं चालवा, तोंडानं अक्षर म्हणत. हसू येतं, पण बोटांना जागा कळते. मोबाइलवरचं टायपिंग सराव म्हणून धरणार नाही, बोलून टाइप केलेलं तर नाहीच. खोली शनिवारी 10 ते 12 उघडी असेल. किल्ली खालच्या पोळीभाजी केंद्रात मिळेल, परत तिथेच द्यायची.

सोमवारी येताना स्वतःचा रुमाल आणा. माझे चारही हरवलेत.