विषय: टेस्टिंग लीड पदाची ऑफर – माझा निर्णय

नमस्कार अनघा मॅडम,

गुरुवारी ऑफर लेटर मिळालं. सोमवारपर्यंत कळवायचं ठरलं होतं, पण निर्णय झाल्यावर तुम्हाला उगाच ताटकळत ठेवणं बरं वाटेना, म्हणून आजच लिहितोय. ही ऑफर मी स्वीकारत नाहीये.

पगाराचा प्रश्न नव्हता; त्या बाबतीत तुम्ही माझ्या अपेक्षेच्या पुढेच गेलात. माझा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा, तरी थांबायची तयारी दाखवलीत. त्यासाठी तुम्हाला वर कुणाकुणाशी बोलावं लागलं असेल याची मला कल्पना आहे. मनापासून आभार.

अडलं ते कामाच्या स्वरूपावर. शेवटच्या राउंडला तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत, की या पदावर निम्म्याहून जास्त वेळ रिव्ह्यू, अप्रेझल आणि क्लायंटच्या कॉलमध्ये जाईल. मला अजून दोनेक वर्षं तरी स्वतः स्क्रिप्ट लिहायच्या आहेत. इथे ऑटोमेशनचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय, आणि ते अर्ध्यावर टाकून निघालो तर मन मागेच राहील. नऊ जणांच्या टीमला असा लीड मिळून उपयोग नाही.

त्या राउंडबद्दल एक सांगायचं राहिलं. तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे फिरवून एक खराखुरा बग दाखवलात आणि ‘कुठून सुरुवात कराल?’ एवढंच विचारलंत. टाइमझोनमुळे तारीख एक दिवस मागे पडतेय, हे कळायला मला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत. (मला घाम फुटला होता.) दुसऱ्या दिवशी तशीच एक टेस्ट केस मी आमच्याकडे घातली. पहिल्याच रनला फेल! मुलाखतीतून एवढं घेऊन परत येणं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

म्हणून संपर्क तुटू नये असं वाटतं. तुमच्याकडे प्रत्यक्ष ऑटोमेशन करायचं सीनियर पद निघालं, तर मला जरूर विचारा. डिसेंबरात आमचं रिलीज झालं की मी स्वतःहून मेल करीन. रिग्रेशनचा वेळ तुम्ही कसा कमी केलात ते तेव्हा घाईत अर्धंच ऐकलं, उरलेलं ऐकायचंय. लिंक्डइनवर रिक्वेस्टही पाठवतोय.

आणखी एक. माझ्या आधीच्या टीममधली एक सहकारी सध्या लीडचंच काम शोधतेय. माणसं सांभाळण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. तिला विचारून ठेवलंय. तुमची हरकत नसेल तर दोघींची गाठ घालून देतो.

एचआरला औपचारिक मेल दुपारी पाठवीन. तुम्हाला माझ्याकडूनच आधी कळावं, म्हणून हा आधी.

आपला,
निखिल