विषय: दारावरच्या नोटिशीचा फोटो, आणि बाथरूममधल्या जुन्या पाइपाबद्दल

आदरणीय काका,

काल रात्री फोटो पाठवला आणि लगेच तुमचा मेसेज आला, "घर खाली करायला सांगतायत का?" नाही हो, तसं काहीच नाही. काचेवर उजेड पडल्यामुळे फोटोत वरचा लाल मथळा तेवढा दिसतोय, म्हणून कागद आहे त्यापेक्षा भयंकर वाटतो. आज सकाळी मी सगळा मजकूर उतरवून घेतला, मराठीत केला आणि तळमजल्यावरच्या आजींकडून अर्थ तपासून घेतला. तो असा:

"सर्व मालक व रहिवाशांसाठी. इमारतीच्या गरम पाण्याची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली. सहापैकी दोन नमुन्यांत लिजिओनेला जिवाणूंचं प्रमाण 100 मिलिलीटरमागे 100 या मर्यादेच्या वर आढळलं (तिसरा मजला 240, चौथा मजला 380). आरोग्य खात्याला कळवलं आहे. अंघोळीला मनाई नाही. न वापरलेले नळ नियमित सोडावेत. पुढचे नमुने घेण्यासाठी आणि पाइपांच्या पाहणीसाठी गुरुवार, 19 मार्चला सकाळी 8 ते 12 घर उघडं ठेवावं."

हे जिवाणू पाणी प्यायल्याने सहसा बाधत नाहीत. शॉवरच्या बारीक तुषारांतून ते श्वासावाटे फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, वयस्कर माणसांना जास्त करून. आकडे हजारांत गेले असते तर तातडीने धावपळ झाली असती आणि दहा हजारांच्या वर गेले असते तर शॉवर बंदच झाला असता. आपलं प्रकरण त्या मानाने खालच्या पायरीवर आहे. तरी आई पुढच्या महिन्यात इकडे येतेय, सत्तरी उलटलेली आहे, म्हणून मला हे लवकर मार्गी लागलेलं हवंय.

आता तुमच्याशी संबंध असलेला भाग. तळघरातल्या टाकीतून पाणी किमान 60 अंशांवर निघायला हवं आणि सगळी इमारत फिरून परत येताना 55 च्या खाली जायला नको. ते सांभाळणं इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीचं काम. पण कोमट आणि साचलेलं पाणी जिथे असेल तिथे हे जिवाणू वाढतात, आणि असं पाणी एखाद्या घरातही साचू शकतं. नमुने घेणारे त्या दिवशी नेमकं हेच शोधणार आहेत.

आपल्या बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे, फरशीपासून हातभर उंचीवर, दोन पाइपांची तोंडं पितळी टोप्या घालून बंद केलेली आहेत. तुमच्या मुलाने दुसरं बेसिन काढलं तेव्हाची असावीत. उजवीकडची टोपी हिरवी पडलीय आणि पाणी सोडल्यावर तो पाइप कोमट लागतो, म्हणजे आत गरम पाण्याचा जोड अजून चालू आहे, फक्त पुढे वाट नाही. पाण्याला तिथे हलायला जागाच नाही. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. 240 चा नमुना समोरच्या घरातला आहे, आपल्याकडे अजून कुणी नमुना घेतलेला नाही. त्यामुळे दोष आपला आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, पण त्यांच्या लक्षात येण्याआधी तुम्हाला माहीत असावं असं वाटलं.

त्या कामाचं बिल किंवा पाइपांचा नकाशा तुमच्याकडे किंवा तुमच्या मुलाकडे असेल तर 19 तारखेच्या आत मला फोटो काढून पाठवाल का? पाइप भिंतीत किती आत जातो ते कळलं तर प्लंबरला विनाकारण फरशी फोडावी लागणार नाही. तो तुकडा मुख्य पाइपापासूनच कापून टाकायचा असेल तर त्याला तुमची लेखी परवानगी लागेल. या मेलला "हो" एवढं उत्तर दिलंत तरी मला पुरे. खर्चाचा अंदाज आधी तुम्हाला कळवीन, तुम्ही सांगेपर्यंत काम सुरू करणार नाही.

ठरलेल्या तपासणीचे पैसे नेहमीप्रमाणे आमच्या वार्षिक हिशेबात येतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. टाकी आणि मुख्य पाइपांची दुरुस्ती मात्र सगळ्या मालकांच्या बैठकीत निघेल. तिची नोटीस तुम्हाला पुण्याच्या पत्त्यावर वेगळी येईल, ती कृपा करून बाजूला ठेवू नका. वरचे शेजारी भाडं कमी करून मागायच्या गप्पा मारतायत. शॉवर चालू आहे तोवर मी त्यात पडणार नाही.

शॉवरचं डोकं आणि रबरी नळी बरीच जुनी आहे, आतून चुन्याने भरलीय. ती मी माझ्या खर्चाने बदलतेय. 19 ला सकाळी घरूनच काम करणार आहे, त्यामुळे दार उघडायचा प्रश्न नाही. नमुना घेऊन झाला की संध्याकाळी फोन करते. तुमच्याकडे तेव्हा रात्र झालेली असेल, चालेल ना?

काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
मृणाल
श्टुटगार्ट

सोबत: नोटिशीचा नवा, स्पष्ट फोटो आणि बंद पाइपांचे दोन फोटो