काळ बदला: क्रियापद, कर्ता आणि सहायक रूपे
मराठी व्याकरण स्वाध्याय, इयत्ता आठवी, कोल्हापूर

विद्यार्थ्यांसाठी सूचना

वाक्याचा काळ बदलताना केवळ क्रियापदाचे शेवटचे अक्षर बदलून भागत नाही. 'गुळव्या काहिलीतली मळी काढतो' या वाक्यात क्रियापद गुळव्याच्या मागे चालते. पण तेच वाक्य साध्या भूतकाळात नेले, तर 'गुळव्याने काहिलीतली मळी काढली' असे होते. येथे कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापद 'मळी' या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे बदलले. मळीच्या जागी 'फेस' आला, तर 'काढला' म्हणावे लागेल. भविष्यकाळात मात्र 'गुळव्या मळी काढेल' असे म्हणताना 'ने' गळून पडतो आणि क्रियापद पुन्हा कर्त्याकडे जाते. ('काढील' असेही लिहितात, दोन्ही रूपे ग्राह्य धरावीत.) 'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' यांना भूतकाळातही 'ने' लागत नाही.

उत्तरे पूर्ण वाक्यात लिहावीत. नुसते क्रियापद लिहिल्यास गुण मिळणार नाहीत, कारण चूक बहुधा कर्त्यातच लपलेली असते.

प्रश्न १. कंसात दिलेल्या काळात वाक्य पुन्हा लिहा.

१. मजूर शिवारात ऊस तोडतात. (साधा भूतकाळ)
२. कारागीर चामड्याच्या चपला शिवतो. (साधा भूतकाळ)
३. आजी पहाटे अंबाबाईच्या देवळात जाते. (साधा भूतकाळ)
४. वस्ताद दमलेल्या मल्लाला आखाड्याबाहेर बोलावतात. (साधा भूतकाळ)
५. मल्ल गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पितो. (साधा भूतकाळ)
६. आम्ही उद्या पन्हाळ्याला जाऊ. (साधा भूतकाळ)
७. सई म्हणते, "मी रंकाळ्याच्या काठी बसते." (अवतरणातील वाक्य साध्या भविष्यकाळात)
८. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. (ऐतिहासिक वर्तमानकाळ)

प्रश्न २. कंसातील योग्य सहायक रूप निवडून वाक्य पुन्हा लिहा.

१. पंचगंगेचे पाणी सकाळपासून वाढत (आहे / आहेत).
२. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला (होता / होती), तेव्हा आम्ही घरीच (होतो / होता).
३. जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी सासनकाठ्या एव्हाना गावाबाहेर पडल्या (असेल / असतील).
४. ताईने पाहुण्यांसाठी भाकऱ्या केल्या (आहे / आहेत).
५. मोठी कुस्ती ठरली की आजोबा खासबाग मैदानात जात (असे / असत).
६. दादा, तुम्ही इतक्या उन्हात कुठे निघाला (आहेस / आहात)?

प्रश्न ३. पुढील वाक्ये त्याच काळात ठेवून नकारार्थी करा.

१. काका बाजारात गूळ विकतात.
२. काकांनी बाजारात गूळ विकला.
३. काका बाजारात गूळ विकतील.

प्रश्न ४. 'दिवाळीआधी गुऱ्हाळ सुरू होते.' या वाक्याचे दोन अर्थ कोणते, ते सांगा आणि प्रत्येक अर्थाचे वाक्य भविष्यकाळात लिहा.

प्रश्न ५. पुढील वाक्ये आपल्या भागातील मुलगी बोलते आहे असे समजून ती प्रमाण मराठीत लिहा आणि नंतर पहिल्या वाक्याचा अपूर्ण भूतकाळ करा.

१. "आई, मी अभ्यास करायलोय."
२. "मी काल लवकर घरी आलो."

कोल्हापूर परिसरात मुलीही 'आलो', 'गेलो' असे सर्रास म्हणतात आणि घरी तसे बोलण्यात काहीही वावगे नाही. या प्रश्नात केवळ लेखी प्रमाण रूप अपेक्षित आहे.

प्रश्न ६. पुढील उतारा साध्या भूतकाळात लिहा.

काका पहाटे उठतात. ते घाण्यात ऊस घालतात. रस काहिलीत पडतो. गुळव्या चुलवाणाचा जाळ वाढवतो आणि भेंडीच्या रसाने मळी काढतो. पाक तयार होतो, तेव्हा माणसे तो वाफ्यात ओततात आणि आम्ही मुले ताजा गूळ खातो.

उत्तरे आणि खुलासा

प्रश्न १. (१) मजुरांनी शिवारात ऊस तोडला. कर्ता अनेकवचनी असला, तरी कर्म 'ऊस' एकवचनी पुल्लिंगी असल्याने 'तोडले' होत नाही. (२) कारागिराने चामड्याच्या चपला शिवल्या. (३) आजी पहाटे अंबाबाईच्या देवळात गेली. 'जाणे' अकर्मक असल्याने 'आजीने' म्हणता येत नाही. (४) वस्तादांनी दमलेल्या मल्लाला आखाड्याबाहेर बोलावले. कर्माला 'ला' लागला की क्रियापद ना कर्त्याचे ऐकते ना कर्माचे. ते नपुंसकलिंगी एकवचनात राहते. मल्लाऐवजी 'मल्लांना' किंवा 'मुलीला' घातले, तरी 'बोलावले' हेच रूप राहील. (५) मल्ल गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला. ('प्याला' हेही चालेल.) हे वाक्य मुद्दाम घातले आहे. 'पिणे' सकर्मक आहे, तरीही भूतकाळात येथे कर्त्याला 'ने' लागत नाही. 'शिकणे', 'विसरणे', 'म्हणणे', 'बोलणे' ही क्रियापदेही याच वाटेने जातात: 'मुलगा धडा शिकला', 'सई वही विसरली'. वरच्या नियमावर विसंबून 'मल्लाने दूध प्यायले' असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांनी नियम नीट पाठ केला आहे, पण अपवाद पाहिलेले नाहीत. (६) आम्ही काल पन्हाळ्याला गेलो. 'उद्या' तसाच ठेवल्यास वाक्य चुकते. कालवाचक शब्दही काळाबरोबर बदलावा लागतो. (७) "मी रंकाळ्याच्या काठी बसेन." वर्तमानकाळात 'बसतो' आणि 'बसते' असा लिंगभेद असतो, तो भविष्यकाळात उरत नाही. (८) शाहू महाराज १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करतात. घडून गेलेली गोष्ट वाचकासमोर उभी करण्यासाठी हा वर्तमानकाळ वापरतात, त्यामुळे साल बदलायचे नाही.

प्रश्न २. (१) आहे. (२) होता, होतो. (३) असतील. (४) आहेत. ताई एक आहे, पण सहायक क्रियापद भाकऱ्यांच्या मागे जाते. (५) असत. 'असे' हे एकेरी रूप आहे. आजोबांसाठी आदरार्थी अनेकवचन हवे. (६) आहात.

प्रश्न ३. (१) काका बाजारात गूळ विकत नाहीत. (२) काकांनी बाजारात गूळ विकला नाही. (३) काका बाजारात गूळ विकणार नाहीत. तिसऱ्या उत्तरात मूळ 'विकतील' पूर्ण नाहीसे होते, कारण 'विकतील नाहीत' अशी रचना मराठीत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात 'नाहीत' काकांप्रमाणे, तर दुसऱ्यात 'नाही' गुळाप्रमाणे आले आहे.

प्रश्न ४. 'होणे' या धातूचा वर्तमानकाळ घेतला, तर गुऱ्हाळ दरवर्षी दिवाळीआधी चालू होते असा अर्थ निघतो आणि भविष्यकाळ 'दिवाळीआधी गुऱ्हाळ सुरू होईल' असा होतो. 'असणे' या धातूचा भूतकाळ घेतला, तर गुऱ्हाळ त्या वेळी चालूच होते असा अर्थ निघतो. त्याचा भविष्यकाळ 'दिवाळीआधी गुऱ्हाळ सुरू असेल' असा आहे. नकारार्थी करून पाहिल्यास फरक लगेच कळतो: पहिल्याचे 'सुरू होत नाही' होते, दुसऱ्याचे 'सुरू नव्हते'.

प्रश्न ५. (१) आई, मी अभ्यास करत आहे. अपूर्ण भूतकाळ: आई, मी अभ्यास करत होते. (२) मी काल लवकर घरी आले.

प्रश्न ६. काका पहाटे उठले. त्यांनी घाण्यात ऊस घातला. रस काहिलीत पडला. गुळव्याने चुलवाणाचा जाळ वाढवला आणि भेंडीच्या रसाने मळी काढली. पाक तयार झाला, तेव्हा माणसांनी तो वाफ्यात ओतला आणि आम्ही मुलांनी ताजा गूळ खाल्ला. शेवटच्या वाक्यात 'आम्ही' तसेच राहते, पण त्याला जोडून आलेल्या 'मुले' या नामाला 'नी' लागतो. 'आम्ही मुले गूळ खाल्ला' असे लिहिल्यास अर्धा गुण कमी होईल.